वायफायचा जुना पासवर्ड: तो बदलायला हवा हे कसं ओळखायचं आणि कधी बदलायचा

वायफायचा पासवर्ड केवळ जुना झाला म्हणून बदलायची गरज नसते. तो पुरेसा लांब असेल आणि घरातल्या चार माणसांच्या पलीकडे गेला नसेल, तर पाच वर्षं तोच राहिला तरी काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या NIST या मानक संस्थेने २०१७ साली खात्यांच्या पासवर्डबद्दल हेच सांगितलं: ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याची खूण दिसली की बदला. सारखं बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि मोकळी होतात.

वायफायचा मामला मात्र एका बाबतीत वेगळा आहे. ईमेलचा पासवर्ड एका माणसाचा असतो, वायफायचा सगळ्यांचा मिळून एकच असतो. त्यामुळे पासवर्ड किती वर्षांचा आहे हे विचारून फार हाती लागत नाही. तो आज कोणाकोणाकडे आहे, हे विचारायला हवं.

हे तपासायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एक कागद घेऊन बसणं. ज्यांना ज्यांना पासवर्ड दिला, त्यांची नावं लिहा. आधी घरातले किंवा ऑफिसातले, मग पाहुणे, दुरुस्तीला आलेली माणसं, सोडून गेलेले सहकारी, मुलांचे मित्र. यादी लिहून पूर्ण झाली आणि त्यातल्या प्रत्येकाकडे पासवर्ड असण्याला तुमची हरकत नसेल, तर घाई नाही. पण यादी मध्येच अडली, ‘आणखी कोणाला दिला होता बरं?’ असं होऊ लागलं, तर पासवर्ड बदलायची वेळ झाली. मी ही सगळ्यात भरवशाची खूण मानतो, कारण तिच्यासाठी राउटर उघडावासुद्धा लागत नाही.

लिहिताना एक लक्षात ठेवा. पासवर्ड माणसाकडे असतो तसा त्याच्या उपकरणांतही असतो, आणि तिथून तो पुढे जातो. अँड्रॉइड १० पासूनच्या फोनमध्ये जोडलेल्या वायफायचा क्यूआर कोड काढता येतो. आयफोनमध्ये २०२२ च्या आयओएस १६ पासून साठवलेला पासवर्ड थेट वाचता येतो. विंडोजच्या संगणकावर तर एक ओळ पुरते:

```
netsh wlan show profile name="NetworkName" key=clear
```

म्हणजे पासवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने टाइप करून दिला, तोंडाने सांगितला नाही, म्हणून तो गुप्त राहिला असं होत नाही. क्यूआर कोडचीही तीच गोष्ट. त्याच्या आत साधा मजकूर असतो:

```
WIFI:T:WPA;S:NetworkName;P:password;;
```

भिंतीवर चिकटवलेल्या कोडचा कोणी फोटो काढला, तर त्याने पासवर्डच उतरवून घेतला.

## पासवर्ड माहीत असलेला माणूस काय करू शकतो

फुकट इंटरनेट वापरणं हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. जोडला गेलेला माणूस तुमच्या आतल्या जाळ्यात येतो. तिथे प्रिंटर असतो, कॅमेरा असतो, फाइली ठेवलेली डिस्क असते आणि राउटरचं सेटिंगचं पानही असतं. शिवाय त्याने तुमच्या जोडणीवरून काही उद्योग केला, तर बाहेरच्या जगाला तो तुमच्या पत्त्यावरून झालेला दिसतो.

तुमच्या राउटरवर `WPA2-Personal` हा सुरक्षेचा प्रकार असेल तर आणखी एक गोष्ट आहे. ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि तुमचा फोन जाळ्याला जोडला जातानाची सुरुवातीची देवाणघेवाण ज्याने पकडली आहे, तो त्या जोडणीतला हवेतून जाणारा डेटा उलगडू शकतो. बँक आणि मेल यांना स्वतःचं वेगळं कुलूप असतं, त्यामुळे त्यातला मजकूर दिसत नाही. पण तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे बहुधा कळतं. २०१८ साली आलेल्या WPA3 मध्ये ही वाट बंद झाली आहे. तरीही पासवर्ड हातात असलेला माणूस WPA3 वरही जोडला जाऊ शकतोच, म्हणून राउटर नवा आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

## फसव्या खुणा आणि खऱ्या खुणा

इंटरनेट मंद झालं की पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. पण मंदपणामागे बहुतेक वेळा आजूबाजूच्या राउटरांची गर्दी, मध्ये आलेली भिंत किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनचाच दोष निघतो. खात्री करायची असेल तर संगणक केबलने राउटरला जोडून वेग मोजा. केबलवरही वेग तेवढाच कमी आला, तर बाकी सगळ्यांचं वायफाय थोडा वेळ बंद करून पुन्हा मोजा. तरीही फरक पडला नाही, तर दोष लाइनचा आहे आणि पासवर्ड बदलून काहीच साधणार नाही.

पासवर्ड माहीत असलेल्या माणसाशी संबंध बिघडले, ज्यात तो साठवलेला होता तो फोन किंवा लॅपटॉप हरवला, किंवा जुनं उपकरण पुसून न काढता विकलं, तर ती खरी खूण. पासवर्ड मुळातच अंदाज करता येण्याजोगा असेल, तर तीही खरी खूण, मग तो फुटल्याचा पुरावा असो वा नसो.

या शेवटच्या खुणेवर थोडं थांबायला हवं. वायफायला दहा आकडी फोन नंबर ठेवणारे खूप जण आहेत, आणि पुष्कळांना तो सुरक्षित वाटतो, कारण तो लांब दिसतो. दहा आकड्यांचे पर्याय जास्तीत जास्त १० अब्ज. WPA2 ची पकडलेली देवाणघेवाण हाताशी असेल, तर गेम खेळायला घेतलेलं आजचं एखादं ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त पर्याय तपासून पाहतं. भागाकार केला तर दहा हजार सेकंद येतात, म्हणजे तीन तासांच्या आत काम संपतं. हे सगळं तुमच्या राउटरपासून लांब, घरी बसून करता येतं, त्यामुळे राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक खूण राउटरच्या आत सापडते. सेटिंगमध्ये DNS च्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी तुम्ही न भरलेला पत्ता दिसला, बाहेरून राउटर चालवायची सोय (`Remote Management`) सुरू दिसली, किंवा तुम्ही न उघडलेले पोर्ट उघडे दिसले, तर कोणीतरी नुसतं जोडलं जाऊन थांबलेलं नाही, त्याने आत हातही घातला आहे. काही पुरवठादार स्वतःचे DNS भरून देतात, म्हणून आधी त्यांच्याकडून खात्री करून घ्या. खुलासा मिळाला नाही, तर पासवर्ड बदलून भागत नाही. राउटर मूळ स्थितीला आणून, म्हणजे फॅक्टरी रीसेट करून, पुन्हा उभा करावा लागतो.

## उपकरणांची यादी वाचताना

राउटरचं पान उघडलं (पत्ता बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, राउटरच्या खालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो) की जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. इथे बरेच जण घाबरतात, कारण निम्मी नावं ओळखीची नसतात. म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

समजा सहा जणांचं ऑफिस आहे. पासवर्ड चार वर्षांपूर्वीचा, पांढऱ्या फळ्यावर लिहिलेला. यादीत २१ उपकरणं दिसतात. सहा फोन आणि सहा संगणक मिळून १२ झाले. प्रिंटर, हजेरीचं यंत्र, टीव्ही आणि दोन कॅमेरे धरून १७. चार उरली.

पहिलं कोणाचं ते विचारल्यावर कळलं, एका सहकाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ आहे. दुसऱ्याचा MAC पत्ता, म्हणजे जाळ्यात उपकरण ज्याने ओळखलं जातं तो क्रमांक, `D6` ने सुरू होतो. या पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, तर तो कारखान्यात दिलेला पत्ता नसून उपकरणाने स्वतः तयार केलेला असतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन असं करतात. फोनमधून नेटवर्क काढून पुन्हा जोडलं की कधी कधी त्याच फोनची नवी नोंद होते आणि जुनी नोंद मुदत संपेपर्यंत यादीत पडून राहते. इथेही तेच झालं होतं. नोंद दोन दिवसांपासून निष्क्रिय होती आणि नंतर आपोआप गेली.

तिसऱ्या नोंदीवर फोनचं मॉडेल दिसत होतं, आणि ते आठ महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या फोनचं होतं. तो त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कामाला लागला होता. त्याच्या मनात काही नसेलही. फोन जुनं नेटवर्क दिसलं की आपणहून जोडला जातो. पण याचा अर्थ एवढाच, की सोडून गेलेला प्रत्येक जण अजूनही आत आहे.

चौथा एक लॅपटॉप. रोज संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर जोडला जाणारा. राउटरच्या नोंदीत जोडल्याची वेळ होती म्हणून हे कळलं. सहापैकी कोणाचाच नव्हता. इथे प्रश्न मिटला. पासवर्ड बदलायचा, आणि तोही लवकर.

तुमच्या राउटरवर वेळ दिसत नसेल, तर रात्री सगळी ओळखीची उपकरणं बंद करा आणि यादी ताजी करून पाहा. जे अजून सक्रिय आहे त्याचा शोध घ्या. दिवे, प्लग यांसारख्या वस्तू विसरू नका. त्यांच्या नावापुढे वस्तूच्या कंपनीऐवजी आतल्या चिपच्या कंपनीचं नाव येतं, जसं `Espressif`, आणि घरचाच प्लग परका वाटतो.

## मग नेमकं कधी?

काही वेळा थांबायचंच नसतं. अनोळखी उपकरणाची खात्री पटली, उपकरण चोरीला गेलं, कोणी भांडून सोडून गेलं, की त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या सकाळी, बदला. कॅमेरा दोन दिवस बंद राहिला तरी चालेल.

माणूस नेहमीच्या रीतीने, गोडीत सोडून जात असेल, तर त्याच्या शेवटच्या दिवसानंतरची पहिली सोयीची वेळ धरावी. प्रत्येक पाहुण्यामागे बदलत बसू नये. त्यासाठी गेस्ट नेटवर्क असतं, त्याचा पासवर्ड हवा तितक्या वेळा बदलता येतो.

यादी लांबली एवढंच कारण असेल, तर मात्र दिवस निवडायची मुभा असते आणि ती वापरावी. सकाळ चांगली, कारण काही अडलं तर पुरवठादाराचं मदतकेंद्र उघडं असतं आणि हातात पूर्ण दिवस असतो. महिनाअखेर, परीक्षेचा आठवडा, महत्त्वाची ऑनलाइन मुलाखत यांच्या तोंडावर नको. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशीची. एखादा कॅमेरा नव्या पासवर्डवर जोडला गेला नाही, तर तो लांबून दुरुस्त करता येत नाही, त्याच्याजवळ जाऊन बटण दाबावं लागतं. आणि नेमकी त्याच दिवसांत त्याची गरज असते. निघायच्या आधी चार-पाच दिवस तरी हाताशी ठेवा, नाहीतर परत आल्यावर करा.

राउटर बदलायचाच असेल, तर तो सर्वोत्तम मुहूर्त. तेव्हा जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड नव्या राउटरवर टाकायचा मोह होतो, कारण सगळं आपोआप जोडलं जातं. त्यात ती सगळी लांबलेली यादीही नव्या राउटरवर जाते.

आपल्या उदाहरणातल्या ऑफिसात परका लॅपटॉप सापडला मंगळवारी, महिनाअखेरीच्या गडबडीत. त्यांनी त्याच संध्याकाळी राउटरच्या पानाचा पासवर्ड बदलला आणि बुधवारी सकाळी कामाच्या आधी वायफायचा. कॅमेरे आणि हजेरीचं यंत्र शनिवारपर्यंत बंद राहिलं, हजेरी वहीत लिहिली. मला हा निर्णय बरोबर वाटतो.

## बदलण्याचा क्रम

क्रम चुकला तर काम वाया जाऊ शकतं. संगणक केबलने राउटरला जोडून बसा, कारण वायफायवरून बदलत असाल तर पासवर्ड जतन करताक्षणी तुम्हीच बाहेर फेकले जाता.

पहिलं, राउटरच्या पानाचा पासवर्ड. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. तो अजून चिकटपट्टीवरचाच, किंवा `admin` असेल, तर आत असलेला माणूस तुमचा नवा वायफाय पासवर्डही तिथून वाचू शकतो. राउटर फोनच्या ॲपवरून चालत असेल, तर त्या खात्यात आणखी कोण जोडलेलं आहे तेही पाहा.

दुसरं, WPS बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडायची ही सोय. २०११ साली उघड झालं की त्या पिनचे दोन तुकडे राउटर वेगवेगळे तपासतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. नंतरच्या पुष्कळ राउटरांनी चुकीच्या प्रयत्नांवर बंधन घातलं, तरी जुन्या राउटरचा भरवसा नाही. शिवाय वायफायचा पासवर्ड बदलला तरी हा पिन बदलत नाही. पिन ठाऊक असलेल्याला नवा पासवर्डही मिळतो.

राउटरचं फर्मवेअर अद्ययावत करायचं असेल, तर ते आदल्या दिवशी करा. दोन्ही एकदम केलं आणि काही बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळत नाही.

तिसरं, पासवर्ड तयार करा. नियमानुसार तो ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. मी १६ अक्षरं घेतो, लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे, आणि त्यातून `l`, `1`, `o`, `0` वगळतो, म्हणजे वाचताना घोळ होत नाही. चार-चारचे गट केले की टीव्हीच्या रिमोटनेही टाकता येतो: `k7mr-x3vd-9hta-p4wn`, अशा धाटणीचा. हाच वापरू नका, स्वतः यादृच्छिक काढा. पासवर्ड सांभाळणारं ॲप ते करून देतं. मघाच्याच वेगाने असा पासवर्ड शोधायला अब्जावधी वर्षं लागतील. देवनागरी अक्षरं आणि रिकामी जागा टाळा, काही जुनी उपकरणं त्यावर अडतात.

चौथं, बदल करा. सुरक्षेचा प्रकार `WPA2/WPA3` असा मिश्र ठेवता येत असेल तर तो ठेवा. नुसतं WPA3 ठेवलं तर जुने प्रिंटर आणि कॅमेरे जोडले जात नाहीत. ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं असेल, तर त्याचाही पासवर्ड बदला. हे विसरलं जातं आणि अर्धं दार उघडं राहतं.

आता उपकरणं जोडायची. फोन कधी कधी नवा पासवर्ड विचारतच नाही, नुसता जोडला जात नाही. मग साठवलेलं नेटवर्क काढून टाकून नव्याने जोडा. प्रिंटर जोडला गेला तरी संगणकावर तो ‘ऑफलाइन’ दिसू शकतो, कारण त्याचा आतला पत्ता बदललेला असतो. राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवला की पुन्हा हा त्रास होत नाही.

## वीस-पंचवीस उपकरणं असतील तर

दिवे, प्लग, कॅमेरे यांची संख्या मोठी असेल, तर टप्प्याटप्प्याने जायची एक वाट आहे. मुख्य नेटवर्कला नवं नाव आणि नवा पासवर्ड द्या. मग गेस्ट नेटवर्क सुरू करून त्याला जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या. सगळ्या जुन्या वस्तू आपोआप गेस्टवर येतात आणि चालू राहतात. बहुतेक राउटरांत गेस्टवरून मुख्य जाळ्यात जाता येत नाही, त्यामुळे संगणक आणि फाइली लगेच सुरक्षित होतात. मग सवडीने एकेक वस्तू हलवा. प्रिंटर मात्र पहिल्याच दिवशी हलवा, गेस्टवर तो कोणाला दिसणार नाही. घरच्या सगळ्या फोनमधून जुनं नेटवर्क काढून टाका, नाहीतर ते गुपचूप गेस्टवरच जाऊन बसतात.

ही वाट फक्त तेव्हाच, जेव्हा कारण नुसती लांबलेली यादी आहे. परका माणूस सापडला असेल तर ही वापरू नका, कारण जुन्या पासवर्डवर तोही गेस्टमध्ये येतो आणि तुमचीच जोडणी वापरत राहतो. आणि वापरलीत, तर गेस्ट बंद करायची तारीख त्याच दिवशी ठरवा. एक आठवडा पुरतो. त्या दिवशी गेस्टच्या यादीत जे उरलं असेल, ते एक तर तुम्ही विसरलेली वस्तू असते, नाहीतर ज्याला तुम्ही पासवर्ड दिल्याचं विसरला होता असा कोणी. जुनं नाव बंद करा. विसरलेली वस्तू असेल तर ती बंद पडल्यावर कळेलच. दुसऱ्या दिवशी मुख्य नेटवर्कची यादी पुन्हा उघडून कागदावरच्या नव्या नावांशी ताडून पाहा.